राळ्यातल्या पाकोळ्या, जिन्याखालचा उंदीर आणि भांड्यातल्या मुंग्या

प्रश्न: लातूरला राहतो. घरात एक लॅब्रेडोर आणि चार बजरीगर आहेत, शिवाय गच्चीवर चिमण्यांना दाणे टाकतो. जूनमध्ये स्वस्त मिळालं म्हणून पक्ष्यांसाठी राळं-बाजरीचं 10 किलोचं पोतं घेतलं. आता संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पाकोळ्या फिरतात, जिन्याखाली ठेवलेली कुत्र्याच्या खाद्याची पिशवी उंदराने फाडली आणि त्याच्या भांड्याला रोज मुंग्या लागतात. डबे बदलून पाहिले, कडुनिंबाचा पालाही घातला. पक्षी असल्यामुळे फवारणी करायची नाही. काय करावं?

उत्तर: धान्याच्या गोदामात आणि नंतर पशुपक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात माझी बरीच वर्षं गेली, त्या अनुभवावरून सांगतो. या तिघांना एकच उपाय शोधायला गेलात तर एकही जाणार नाही, कारण तिघे वेगवेगळ्या वाटेने आले आहेत. पाकोळ्या तुम्ही स्वतः पोत्यातून घरात आणल्या आहेत. उंदीर जमिनीलगतच्या फटीतून आला आहे. मुंग्या साठ्यावर आलेल्याच नाहीत, त्या उष्ट्या भांड्यावर आल्या आहेत. सुरुवात पाकोळ्यांपासून करू, कारण डबे बदलूनही त्या का जात नाहीत हेच बहुतेकांना कळत नाही.

आधी पाकोळी नीट बघा. भिंतीवर बसलेली असताना पंखांचा डोक्याकडचा भाग फिकट राखाडी आणि मागचा भाग तांबूस दिसत असेल, तर ती सुक्यामेव्यात, रव्यात आणि पक्ष्यांच्या दाण्यांत होणारी पाकोळी आहे. सगळी एकसारखी मळकट तपकिरी असेल तर ती तांदूळ, ज्वारी, बाजरीत होणारी. शेतीच्या जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळांमध्ये ट्रायकोकार्ड, म्हणजे पिकांवरच्या किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या मित्रकीटकाची कार्डं, करण्यासाठी ही दुसरी जात मुद्दाम वाढवतात आणि तिला खायला भरडलेली ज्वारी-बाजरी देतात. म्हणजे तुमच्या पोत्यात जे आहे तेच तिचं आवडतं खाणं. दोघींवरचा उपाय एकच असल्यामुळे जात नक्की ओळखता आली नाही तरी काम अडत नाही.

उडणारी पाकोळी दाणा खात नाही. ती जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगते आणि तेवढ्यात शंभरावर अंडी घालून मरते. दाणा खाते ती अळी. ती तोंडातून रेशमासारखा धागा काढत फिरते, म्हणून मूठभर राळं उचललं की दाणे एकमेकांना लोंबकळून वर येतात. आपण जाळी धरली म्हणतो ती हीच. पूर्ण वाढलेली अळी बऱ्याचदा दाणे सोडून भिंतीवर चढते आणि छताच्या कोपऱ्यात, फळीच्या स्क्रूच्या भोकात, डब्याच्या झाकणाच्या कडेत कोष करून बसते. म्हणून डबा स्वच्छ केला तरी पाकोळ्या दिसत राहतात. त्या डब्यातून येत नाहीत, कोपऱ्यातल्या कोषांतून येतात.

अंड्यांचं तर विचारू नका. ती दाण्याला चिकटलेली असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि चाळणीने सगळी निघत नाहीत. पोतं गोदामात किंवा दुकानात उघडं पडलेलं असतानाच ती घातली गेलेली असतात. असे दाणे तुम्ही कितीही घट्ट डब्यात भरलेत तरी अंडी आतच राहतात. कडुनिंबाच्या पाल्याने ती मरत नाहीत. पाला ओलसर असेल तर उलट दाण्यांना दमट लागते आणि बुरशीची सोय होते.

आता तुमच्या पोत्याचा हिशेब करू. एक बजरीगर दिवसाला साधारण 8 ते 10 ग्रॅम दाणे खातो. चार पक्ष्यांना 40 ग्रॅम धरा, म्हणजे महिन्याला सव्वा किलो. या हिशेबाने 10 किलो दाणे तुम्हाला आठ महिने पुरणार. पावसाळ्यातल्या आपल्याकडच्या उबदार दमट हवेत पाकोळीची एक पिढी महिना-सव्वा महिन्यात पूर्ण होते. जूनमध्ये आलेल्या थोड्या अंड्यांतून दिवाळीपर्यंत तीन-चार पिढ्या सहज होतात. पोतं स्वस्त मिळालं खरं, पण त्यातलं निम्मं फेकावं लागलं तर ते सगळ्यांत महाग पडतं. यापुढे पक्ष्यांचे दाणे एका वेळी दीड ते दोन किलोच घ्या. घेताना अख्खे, टपोरे, स्वच्छ दाणे बघा. तळाला चुरा आणि पीठ असलेला माल घेऊ नका, कारण कोवळ्या अळीला फुटका दाणा आणि पीठच सोपं जातं. दुकानदाराला पोत्यात हात खोल घालू द्यायला सांगा. दाणे धाग्याने चिकटून वर आले किंवा कुबट वास आला तर माल तिथेच ठेवा.

घरी आणलेल्या दाण्यांतली अंडी मारण्याचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गोठवणं. दाणे एकेक किलोच्या जाड पिशवीत भरा, हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी हाताने चपटी करा, म्हणजे मधल्या दाण्यापर्यंत थंडी पोचेल. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस पुरतात. घरचा फ्रीज सारखा उघडझाप होतो म्हणून मी पूर्ण आठवडा सांगतो. मधे बरेच तास वीज गेली आणि पिशवी मऊ पडली तर आठवडा नव्याने मोजायला लागा. एकदाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहत असेल तर तो कप्पा चालेल. मऊ पडत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच सोडू नका. ती तशीच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल आणि दाणे कोरडे राहतील. या एका घाईमुळे चांगल्या दाण्यांना बुरशी लागलेली मी पाहिली आहे.

फ्रीझरची सोय नसेल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊनच कामाला येतं. मात्र नुसतं चादरीवर पसरून जमत नाही, कारण अळ्या तापायला लागल्या की सावलीकडे सरकतात. खाली काळं प्लास्टिक अंथरा, त्यावर बोटभर जाडीचा दाण्यांचा थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक टाका आणि चारही कडा विटांनी दाबून बंद करा. आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा खूप वर जातं. भर दुपारचे तीन-चार तास असं ठेवा आणि सावलीत पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम दाणे भरले तर डब्याच्या आत घाम धरतो. हा प्रकार फक्त दाण्यांसाठी आहे. कुत्र्याचं खाद्य कधीही उन्हात घालू नका, त्यातली चरबी खवट होते आणि जीवनसत्त्वंही नासतात.

अंडी मेली की डब्याचं काम सुरू होतं, ते म्हणजे बाहेरची नवी पाकोळी आत येऊ न देणं. पातळ प्लास्टिक अळी कुरतडते आणि जाड प्लास्टिक उंदीर. म्हणून स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा घ्या, पण झाकणाला रबरी किंवा सिलिकॉनची रिंग हवीच. साध्या दाबाच्या झाकणाच्या फटीतून अंड्यातून नुकती निघालेली अळी आरामात आत जाते. डबा तपासायची सोपी रीत अशी: रात्री खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावून रिकाम्या डब्यात ठेवा आणि झाकण लावा. कडेने कुठेही उजेड दिसला तर तिथून अळी आत जाईल. रिंग बदला, नाहीतर झाकणाभोवती रुंद चिकटपट्टी फिरवा. प्रत्येक नव्या मालातले मूठभर दाणे काचेच्या पारदर्शक बाटलीत, बूच लावून, डोळ्यांसमोर ठेवत जा. तीन-चार आठवड्यांत बाटलीत धागा किंवा अळी दिसली तर त्या मालातली अंडी मेली नव्हती हे कळतं.

आत्ता घरात जो प्रादुर्भाव आहे त्याचं आवरणं एकाच दिवशी पूर्ण करा, थोडं आज थोडं उद्या करू नका. जाळी धरलेले दाणे पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा. शेजारी कुणाकडे कोंबड्या असतील तर त्या अळ्यांसकट आवडीने खातील, मात्र बुरशीचा वास येणारे किंवा उंदराने तोंड लावलेले दाणे त्यांनाही देऊ नका. जाळी न धरलेले दाणे लगेच फ्रीझरमध्ये टाका. मग स्वयंपाकघरातला रवा, शेंगदाणे, बदाम, जुन्या मसाल्याच्या पुड्या, कुत्र्याची बिस्किटं, सगळं उघडून बघा. अनेकदा पक्ष्यांच्या दाण्यांवर आळ येतो आणि खरं मूळ मागच्या दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्यात असतं. फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, ट्यूबलाइटची पट्टी, छताचे कोपरे जुन्या टूथब्रशने खरवडून ओल्या फडक्याने पुसा. डबे गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा.

यानंतरही दोन-तीन आठवडे एखादी पाकोळी दिसेल, ती राहिलेल्या कोषातली असते. घाबरू नका, मारून टाका. दीड महिन्यानंतरही नव्या दिसत असतील तर घरात कुठेतरी मूळ राहिलं आहे असं समजून पुन्हा शोधा. बाजारात गंधाचे चिकट सापळे मिळतात. ते फक्त नर पकडतात, त्यामुळे त्यांनी प्रादुर्भाव संपत नाही, पण तो वाढतोय की कमी होतोय हे कळायला उपयोगी पडतात.

आता उंदीर. फाटलेल्या पिशवीतलं खाद्य वरवरचं काढून उरलेलं वापरू नका, सगळं टाका. उंदीर चालता चालता मुततो आणि त्याच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही. कुत्र्याचं या रोगाचं लसीकरण झालं आहे का, हे पशुवैद्यकांना विचारून घ्या. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. नाकाला फडकं बांधून, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण त्यांच्यावर ओता, थोड्या वेळाने कागदाने उचला. हे करताना पक्ष्यांचा पिंजरा दुसऱ्या खोलीत ठेवा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असेल तर छोटा उंदीर आहे, त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असेल तर मोठा. छोट्याला जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. दाराखालून पेन्सिल सरकत असेल तर तोही सरकतो. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी मारा, मोरीच्या तोंडाला घट्ट जाळी बसवा, भिंतीतली भोकं स्टीलचा काथ्या कोंबून वरून सिमेंटने बुजवा. नुसती माती किंवा कापूस उंदीर रात्रीतून काढतो.

खाद्यासाठी जागा आणि भांडं दोन्ही बदला. कुत्र्याचं खाद्य हलकं पण जागा खाणारं असतं, 10 किलोच्या पिशवीला साधारण 25 लिटरची कोठी लागते. तेलाच्या 15 किलोच्या रिकाम्या डब्यात ती मावणार नाही. कडी असलेली पत्र्याची कोठी घ्या आणि खाद्य मूळ पिशवीसकट आत ठेवा. कोठीत मोकळं ओतलं की पत्र्याला चरबीचा थर बसतो, तो खवट होतो आणि पुढच्या पिशवीलाही तोच वास लागतो. शिवाय पिशवीवरची वापरण्याची तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो. पिशवीचं तोंड गुंडाळून चिमटा लावा, मग कोठीचं झाकण. तुमचा लॅब्रेडोर रोज तीनशे-साडेतीनशे ग्रॅम खात असेल तर पिशवी महिन्यात संपते, ते योग्यच आहे. उघडलेली पिशवी दीड महिन्याच्या वर ठेवू नये.

कोठी जिन्याखाली नको. लाकडी किंवा लोखंडी स्टुलावर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे खालून झाडता येतं आणि एक लेंडी पडली तरी सकाळी दिसते. उंदराला भिंतीला घासून चालायची सवय असते, मोकळ्यावरची कोठी त्याला नकोशी वाटते. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत खाद्य ठेवू नका आणि कूलरच्या झोतातही नको. उन्हाळ्यात आपल्याकडे हा दुसरा घोळ फार होतो. गारवा आहे म्हणून लोक कूलरसमोर डबा ठेवतात आणि कूलरची ओल झाकणातून आत जाते.

विषाबद्दल स्पष्ट सांगतो. गोदामात धान्याला लावायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका, त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. धान्यात ठेवायच्या पारद गोळ्या किंवा बोरिक पावडर पक्ष्यांच्या दाण्यांत घालू नका, ती थेट पक्ष्याच्या पोटात जाते. उंदरांच्या विषाच्या वड्या कुत्रा स्वतः खाऊ शकतो किंवा ते खाऊन मेलेला उंदीर तोंडात धरू शकतो. कुत्रा असलेल्या घरात पिंजरा किंवा चापाचा सापळा, तोही कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा खोक्यात, एवढंच मी सुचवतो.

मुंग्यांचं काम सोपं आहे. कुत्र्यासमोर भांडं वीस मिनिटं ठेवा आणि मग उचलून धुवा. रात्रभर उष्टं भांडं राहिलं तर मुंग्याही येतात, झुरळंही आणि चिचुंद्रीही. जेवणाच्या वेळी लागत असतील तर परातीत पाणी घ्या, मधे वाटी पालथी घाला आणि तिच्यावर परातीच्या काठापासून चार बोटं आत राहील असं भांडं ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाका, म्हणजे मुंग्या पाण्यावर तरंगून पलीकडे जात नाहीत. कुत्रा परातीतलं पाणी पीत असेल तर साबण घालू नका. परात भिंतीला टेकू देऊ नका, मुंग्या भिंतीवरून उतरतात. उन्हाळ्यात पाणी दुपारपर्यंत आटतं, म्हणून दोनदा भरा. आठवड्यातून दोनदा पाणी ओतून परात घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आधीची मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसून टाका, नाहीतर त्याच वासावर नव्या मुंग्या येत राहतात. मुंग्यांचा खडू भांड्याजवळ किंवा पिंजऱ्याजवळ ओढू नका, त्यातलं कीटकनाशक चाटण्यातून किंवा पायांतून पोटात जातं.

पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र अंथरून ते रोज संध्याकाळी बदला, सकाळी नको. उंदीर रात्री फिरतो आणि टरफलांत बरेच दाणे अख्खेच असतात.

गच्चीवरच्या चिमण्यांचंही तेच. मुठीने पसरलेले दाणे चिमण्या सगळे टिपत नाहीत, उरलेले रात्री उंदीर नेतात आणि एकदा वाट सापडली की तो जिन्याने खाली येतो. दाणे काठाच्या ताटलीत द्या, सकाळी नऊपर्यंत संपतील एवढेच. सुरुवात मूठभराने करा आणि उरले तर दुसऱ्या दिवशी कमी टाका. संध्याकाळ व्हायच्या आत ताटली उचलून गच्ची झाडा. पाऊस लागून राहिला असेल तेव्हा दाणे टाकू नका, भिजलेल्या बाजरीला दुसऱ्या दिवशीच बुरशी दिसते आणि ती चिमण्यांना बाधते. त्या दिवसांत त्यांना किडे भरपूर मिळतात.